सरासरी ८८

तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजीची लॅब चालवताना रोगाची नावं क्वचितच कानावर येतात. काउंटरवर येणारा माणूस सांगतो, ‘रक्त कमी आहे म्हणाले डॉक्टर.’ ३४ वर्षांची एक बाई अशीच आली. घर माळकरी, दोन मुलं, पाळीला अंगावरून खूप जायचं. दम लागायचा आणि पायांना मुंग्या यायच्या. रिपोर्टात हिमोग्लोबिन ८.४ आलं, म्हणजे बऱ्यापैकी कमी. पण तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ज्याला आम्ही एमसीव्ही म्हणतो, तो ८८ आला. ८० ते १०० ही त्याची नेहमीची हद्द, म्हणजे पेशी अगदी मध्यम आकाराच्या. तिच्या डॉक्टरांचा फोन आला, ‘मॅडम, लोह कमी असतं तर पेशी लहान दिसायला हव्यात ना?’ प्रश्न रास्त होता. मात्र त्याचं उत्तर आकड्यात नव्हतं, आकडा घडतो कसा त्यात होतं.

पेशीच्या आकारावरून रक्तक्षय ओळखावा हा विचार तसा अलीकडचा. त्याआधी सगळी भिस्त रंगावर होती. आयुर्वेदात या दुखण्याचं नावच पांडुरोग, फिकट पिवळसर पडलेल्या माणसाचा रोग. युरोपात तरुण मुलींच्या अशा आजाराला हिरवट रंगावरून नाव पडलं. लोहाची औषधं दोन्हीकडे होती, चरकसंहितेतला मंडूर काय किंवा एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या ब्लॉडच्या गोळ्या काय. लोह दिल्यावर काही जणी टवटवीत व्हायच्या आणि काही तशाच राहायच्या. हा फरक का पडतो हे रंगाकडे बघून कळायला मार्ग नव्हता.

मार्ग दिसला तो सूक्ष्मदर्शकाखाली. तांबडी पेशी साधारण साडेसात मायक्रॉन रुंद असते. आम्ही आजही फूटपट्टी शोधत बसत नाही. त्याच काचेवर दिसणाऱ्या लहान लिम्फोसाइटच्या केंद्राशी तिची तुलना करतो. त्याच्यापेक्षा लहान तर लहान, मोठी तर मोठी. सेसिल प्राइस-जोन्स नावाच्या इंग्रज संशोधकाला असा अंदाज पुरेसा वाटला नाही. १९१०च्या सुमारास त्याने पेशींची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडली, एकेका रोग्याच्या शेकडो पेशींचा व्यास मोजला आणि कोणत्या मापाच्या किती पेशी आहेत याचा आलेख काढला. निरोगी माणसाचा आलेख उंच आणि अरुंद यायचा. घातक रक्तक्षयात, त्या काळी हमखास जीव घेणाऱ्या आजारात, तो उजवीकडे सरकायचा आणि पायाशी पसरायचा. पेशी मोठ्या आहेत आणि एकसारख्या नाहीत, अशा दोन गोष्टी तो आलेख एकदम सांगायचा. पण रोज येणाऱ्या प्रत्येक रोग्यासाठी एवढी मोजणी करायला सवड कोणाला असणार?

ही अडचण मॅक्सवेल विन्ट्रोबने सोडवली. न्यू ऑर्लीन्सला काम करत असताना १९२९मध्ये त्याने खुणा केलेली एक बारीक काचनळी वापरात आणली. तीत रक्त भरून वेगाने फिरवलं की पेशी तळाशी दाबून बसतात आणि रक्तात त्यांचा वाटा किती टक्के आहे ते खुणेवर वाचता येतं. तो वाटा पेशींच्या संख्येने भागला की एका पेशीचं सरासरी आकारमान हाती येतं. वाटा २७ टक्के आणि पेशी घन मिलिमीटरला ३६ लाख असतील, तर २७ला १०ने गुणून ३.६ने भागायचं, उत्तर ७५. म्हणजे लहान पेशी. १९३०मध्ये आणि पुढे १९३४मध्ये सविस्तर लिहून त्याने रक्तक्षयाची आकारावर आधारलेली वर्गवारी मांडली. लहान, मध्यम आणि मोठ्या पेशींचे ते तीन गट आम्ही आजही तसेच वापरतो. १९३४च्या त्याच्या लेखाच्या मथळ्यातच ‘सरासरी’ हा शब्द आहे. आपण काय मोजतो आहोत हे विन्ट्रोबला नीट ठाऊक होतं. सोय झाली म्हणून तो शब्द विसरलो ते आपण.

आकाराला एवढा अर्थ का, हे पेशी तयार होताना काय घडतं त्यावरून उमगतं. हाडाच्या मगजात कोवळी तांबडी पेशी दोन कामं बरोबरीने करते. ती हिमोग्लोबिन भरते आणि भरता भरता दुभंगत जाते. आत हिमोग्लोबिन पुरेसं दाट झालं की दुभंगणं थांबतं. लोह नसेल तर भरण मंदावतं, थांबण्याची वेळ लांबते, एखादा फेरा जास्त होतो आणि पेशी लहान निघते. उलट बी-१२ किंवा फोलेट नसेल तर डीएनए बनत नाही. भरण चालू राहतं, पण दुभंगणं रखडतं आणि पेशी मोठी राहून जाते. आकार रोगाचं नाव सांगत नाही, काम कोणत्या टप्प्यावर अडलं एवढंच सांगतो.

त्यामुळे एकाच टप्प्यावर अडणारे दोन वेगळे रोग आकाराला सारखेच दिसतात. लहान पेशींचं नेहमीचं कारण लोहाची कमतरता, आणि तिच्यामागे पाळीचा जास्त रक्तस्राव, बाळंतपणं, जंत किंवा उतारवयात आतड्यातून नकळत जाणारं रक्त. पण हिमोग्लोबिनला लोहाइतकीच ग्लोबिन या प्रथिनाचीही गरज असते. थॅलेसीमियाचा वाहक असलेल्या माणसात ग्लोबिनच्या एका साखळीचं उत्पादन जन्मतःच कमी असतं. आपल्याकडे सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत असे वाहक बरेच आढळतात. त्यांचा रिपोर्ट एकदा पाहून ठेवावा असा असतो. पेशींचा वाटा ३३ टक्के, संख्या ५५ लाख, सरासरी आकार ६०. पेशी लोहाच्या रोग्यापेक्षाही लहान आणि तरी संख्येने भरपूर. आकाराला लाखांऐवजी दशलक्षांतल्या संख्येने भागलं तर इथे ११च्या आत उत्तर येतं, मघाच्या लोहाच्या उदाहरणात २१च्या जवळ. १३च्या खाली आलं तर थॅलेसीमियाची शंका घ्यावी, हा १९७३पासूनचा मेन्झरचा ठोकताळा. तो शंका घेण्यापुरताच, निदान करायला हिमोग्लोबिन ए-२ तपासावं लागतं. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊनही पेशी लहानच राहिलेल्या अशा बायका मी पाहिल्यात. गोळ्यांनी त्यांचं पोट तेवढं बिघडवलं. आणि अशी बाई गरोदर असेल तर नवऱ्याचीही तपासणी तातडीने करावी लागते, कारण दोघेही वाहक निघाले तर मुलाला मोठा आजार होण्याचा संभव चारात एक.

मोठ्या पेशींच्या गटातली अशीच गफलत उलगडली ती मुंबईत. १९२८च्या अखेरीस लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली आणि परळच्या हाफकिन संस्थेतून काम करू लागली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना जो जीवघेणा रक्तक्षय व्हायचा, त्यात पेशी मोठ्या असायच्या, घातक रक्तक्षयात असतात तशाच. घातक रक्तक्षयावर १९२६पासून यकृत खाऊ घालायचा इलाज मिळाला होता. विल्सने या बायकांच्या जेवणाकडे लक्ष दिलं. भाजी, फळं आणि प्रथिनं कमी. बिअर बनवताना उरलेल्या यीस्टपासून केलेलं मार्माइट हे स्वस्त खाणं तिने आधी प्राण्यांवर आणि मग रोग्यांवर वापरून पाहिलं, आणि बायका सुधारल्या. हे १९३१मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे त्याहून महत्त्वाचं निघालं. शुद्ध केलेला यकृताचा अर्क घातक रक्तक्षयाला लागू पडायचा, पण या रोग्यांना त्याचा उपयोग होत नसे. साधा, न गाळलेला अर्क मात्र चाले. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी निघून जात होतं आणि या बायकांना नेमकं तेच हवं होतं. ते फोलेट होतं हे चाळिशीच्या दशकात कळलं, आणि त्या शुद्ध अर्कातलं बी-१२ वेगळं झालं १९४८मध्ये. पेशी त्याच मापाच्या, उणीव वेगळी. आजही मोठ्या पेशी पाहून नुसतं फोलिक अॅसिड सुरू केलं आणि खरी कमतरता बी-१२ची असली, तर हिमोग्लोबिन चढतं आणि पायांच्या नसा मात्र आत झिजतच राहतात. दारू, यकृताचे आजार, मंदावलेली थायरॉइड यांनीही पेशी मोठ्या होतात. सिकलसेलच्या रोग्याला हायड्रॉक्सियुरिया दिल्यावर त्या वाढल्या तर औषध नियमित घेतलं जातंय अशी ती खूणच मानतात. आणि कधी आजार काहीच नसतो. उन्हाळ्यात दूरच्या गावाहून नमुना एसटीने दुसऱ्या दिवशी पोचतो, आणि तोवर बाटलीतच पेशी फुगलेल्या असतात.

मध्यम पेशींचा गट मला सगळ्यात फसवा वाटतो. त्यात बांधणी बिघडलेली नसते. हुकूमच कमी सुटलेला असतो, जसं मूत्रपिंड निकामी होताना एरिथ्रोपोएटिन घटतं तेव्हा, किंवा सांधेदुखीसारख्या रेंगाळलेल्या दाहात. नाहीतर चांगल्या पेशी वाहून गेलेल्या असतात, जसं अपघातात. शिवाय इथे एक असा प्रकार लपतो जो खरं तर या गटातला नाहीच.

आता त्या बाईकडे येते. १९५०च्या दशकात वॉलेस कूल्टरने पेशी बारीक छिद्रातून एकेक करून मोजण्याचं यंत्र आणलं आणि हिशेब उलटा झाला. विन्ट्रोब वाटा मोजून आकार काढायचा. यंत्र आकार थेट मोजतं आणि वाटा गणिताने काढतं. एकेक पेशी मोजली जात असल्यामुळे प्राइस-जोन्सचा तो आलेखही न मागता परत आला. त्याच्या पसरटपणाचा आकडा म्हणजे आरडीडब्ल्यू, साधारण साडेचौदापर्यंत ठीक. बाईचा होता २२. आलेख बुटका आणि रुंद होता. काच लावली तर पेन्सिलीसारख्या बारीक, फिकट पेशी दिसल्या, त्यांच्या शेजारीच मोठ्या अंडाकृती, आणि केंद्राचे सहा तुकडे असलेल्या पांढऱ्या पेशी, ही बी-१२ किंवा फोलेटच्या कमतरतेची खूण. लहान आणि मोठ्यांची बेरीज होऊन सरासरी मध्यावर येऊन बसली होती. मी रिपोर्टाखाली तसं लिहिलं आणि लोह व बी-१२ या दोन्ही तपासण्या सुचवल्या. पण पैशांची अडचण होती, आणि पाळीचं कारण समोर असल्यामुळे लोह तेवढं सुरू झालं.

दीड महिन्याने ती परत आली. हिमोग्लोबिन जेमतेम ९.३ आणि आकार १०३. लोहाने लहान पेशी सुधारल्या आणि मोठ्या उघड्या पडल्या. मुंग्या घोट्यापर्यंत चढल्या होत्या. या वेळी बी-१२ तपासलं, ११० निघालं. मांस-अंडं घरात नाही आणि दूध चहापुरतं, त्यामुळे नवल वाटलं नाही. इंजेक्शनं सुरू झाली, लोह चालू राहिलं. पहिल्या महिन्यात आरडीडब्ल्यू आणखी वाढून २५ झाला. तिला त्याची भीती वाटली. जुन्या पेशींत नव्या मिसळतात तेव्हा असं होणारच, हे मी तिला आलेखावरचे दोन उंचवटे दाखवून सांगितलं. तांबडी पेशी १२० दिवस जगते, तेवढा धीर धरायचा होता.

पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन १२.४ आलं, आरडीडब्ल्यू १३.८. तिने दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘मॅडम, हा आकडा तर पहिल्यासारखाच आहे की.’ एमसीव्ही ८८ होता.