सावधगिरीची गाणी

मुलांना भय दाखवून शहाणे करावे की हसवून, हा वाद जुना आहे. आणि आगगाडीच्या रुळांविषयी व फलाटांविषयी मुलांसाठी जी पद्ये रचली जातात, त्यांच्यासंबंधी बोलताना बहुधा याच वादाची उजळणी होते. परंतु या वादात एक प्रश्न मागे राहतो, आणि माझ्या मते खरा नैतिक प्रश्न तोच होय. मुलाच्या तोंडी आपण जे पद्य घालतो त्याने बांधला कोण जातो? केवळ मूल, की ते शिकविणारा वडीलधारा माणूसही?

या जातीच्या पद्याचा एक प्रसिद्ध पूर्वज जर्मनीतला आहे. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश होफमान यांनी १८४४च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी स्वतःच चित्रे काढून एक वही तयार केली, आणि ती १८४५ साली छापली गेली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांत काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते, आणि आकाशाकडे पाहत चालणारा हान्स पाण्यात पडतो. ‘सांगितलेले ऐकले नाही, म्हणून असे झाले’ हा या पद्यांचा साचा. पुढे १९०७ साली इंग्रज लेखक हिलेअर बेलॉक यांनी याच साच्याचे विडंबन केले. तरी साचा मोडला नाही. तो रुळांवर आणून बसवावयाचा तर आपल्याकडचा कोणीही हौशी कवी घटकाभरात असे काही लिहून देईल:

बंडू ऐके ना कोणाचे, रुळांत खेळे गोट्या;
आली गाडी, गेला बंडू, गोट्या उरल्या छोट्या.

हे दोन चरण लक्षात राहतात, हे मान्य केलेच पाहिजे. यमक हा स्मृतीला ठोकलेला खिळा आहे. पण या खिळ्याला टांगले काय आहे ते पाहावे. बंडू मेला तो गाडीखाली सापडल्यामुळे नव्हे, तर अवज्ञेमुळे, असे हे पद्य सांगते. गाडी येथे न्यायाधीश झाली आहे. वस्तुतः गाडीला आज्ञाधारक मूल आणि अवखळ मूल यांतील भेद कळत नाही. आईचा हात धरून रूळ ओलांडणाऱ्या गुणी मुलालाही ती सोडत नाही. ज्या मुलाला ‘मी तर शहाणा आहे’ असे वाटते, त्याला या पद्याने उलट अभय मिळते. शिवाय यात एक अन्यायही आहे. १८६०च्या भारतीय दंडसंहितेच्या ८२व्या कलमात असलेले आणि २०२३च्या भारतीय न्याय संहितेच्या २०व्या कलमात कायम राहिलेले तत्त्व असे की, सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही. ज्या वयाला कायदा दोषी धरण्यास तयार नाही, त्या वयाच्या बंडूला आपले पद्य दोन ओळींत देहान्त शिक्षा सुनावते, आणि वर ती न्याय्य असल्याचे त्याच्या सवंगड्यांकडून गाऊन घेते.

भयाचा मार्ग सोडून हास्याचा धरला तर? २०१२ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या रेल्वेने तसे करून पाहिले. मूर्खपणाने मरण्याचे एकवीस प्रकार सांगणारे एक गोड चालीचे गाणे तिने चित्रांसह प्रसिद्ध केले. त्यातले शेवटचे तीन प्रकार रेल्वेचे: फलाटाच्या कडेला उभे राहणे, फाटकाच्या दांड्याला वळसा घालून मोटार नेणे, आणि एका फलाटावरून दुसऱ्या फलाटाकडे रुळांतून धावणे. गाणे जगभर गाजले, जाहिरातकलेची मोठी पारितोषिकेही त्याला मिळाली. त्यात अवज्ञेच्या जागी मूर्खपणा आला एवढा पालट खरा. पण मेलेल्याकडे बोट दाखविणे तसेच राहिले. याउलट रोआल्ड डाल यांचे उदाहरण मला विचार करण्याजोगे वाटते. मुलांसाठी खट्याळ आणि क्रूर विनोदाची पद्ये लिहिण्यात या ग्रंथकाराचा हात धरणारे थोडेच. परंतु ब्रिटिश रेल्वेसाठी मुलांना सावध करणारी पुस्तिका त्यांनी लिहिली (ती त्यांच्या मृत्यूनंतर १९९१ साली क्वेन्टिन ब्लेक यांच्या चित्रांसह निघाली), तेव्हा ती गद्यात लिहिली. आणि आरंभीच अशी अडचण मांडली की, हे करा, ते करू नका, असे मोठ्यांनी सतत सांगण्याचा मुलांना वीट आलेला असतो, आणि तेच काम आता आपल्याकडे आले आहे. सांगणारा आणि ऐकणारा यांच्या नात्याची एवढी जाणीव बंडूच्या कवीला नसते.

आता भयही नाही आणि थट्टाही नाही, असे एक सौम्य पद्य घेऊ. शाळांच्या भिंतींवर शोभेल असे ते असते:

डावीकडे बघा आधी, उजवीकडे बघा;
गाडी दूर असेल तर झटपट मग निघा.

हे निरुपद्रवी दिसते. माझ्या मते तिघांत हेच सर्वांत घातक होय. आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर येते. दोन मार्गांचे रूळ ओलांडावयाचे, तर डबे रुळांबाहेर जेवढे येतात ती जागा धरून सुमारे साडेआठ मीटर चालावे लागते. खडीवरून व स्लीपरांवरून ठेचाळत जाणारे मूल सेकंदाला एक मीटर गेले, तर त्याला साधारण नऊ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात गाडी २०० मीटर आलेली असते. म्हणजे २०० मीटरांवर, मुंबईच्या बारा डब्यांच्या लोकलच्या लांबीहूनही कमी अंतरावर, दिसणारी गाडी ‘दूर’ समजून जो मुलगा निघाला, तो आणि गाडी पलीकडच्या रुळावर एकाच क्षणी पोहोचतात.

पण २०० मीटर म्हणजे ‘दूर’ नव्हे, हे मुलाला डोळ्यांनी कळणार नाही काय? नाही, आणि येथेच या पद्याचा खोटेपणा आहे. समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग आपण तिचा आकार किती झपाट्याने वाढतो यावरून ताडतो. अंतर निम्मे झाले की आकार दुप्पट दिसतो. आपल्या गाडीचे ४०० मीटरांचे अंतर २०० वर येण्यास नऊ सेकंद लागतात, आणि ४० चे २० वर येण्यास सेकंदही लागत नाही. म्हणून दूरची गाडी बराच वेळ जागच्या जागी उभी असल्यासारखी भासते, आणि मग एकाएकी अंगावर येते. त्यात भर अशी की, समान वेगाच्या दोन वस्तूंपैकी मोठी वस्तू अधिक सावकाश चालल्यासारखी वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लायबोविट्झ यांनी १९८५ साली रेल्वे फाटकांवरील अपघातांचा विचार करताना या भ्रमाकडे लक्ष वेधले. हा दोष प्रौढांच्या दृष्टीतही आहे. मुलांच्या दृष्टीत तो अधिक. इंग्लंडमधील रॉयल हॉलोवे येथील संशोधकांनी मोटारींसंबंधी प्रयोग करून २०११ साली दाखविले की, ताशी सुमारे २० मैलांहून अधिक वेगाने येणारे वाहन पाच सेकंदांच्या अंतरावर असता ते येत आहे हे प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना खात्रीने ओळखता येत नाही. मुंबईत वडाळा स्थानकाजवळ २००९-१० च्या सुमारास काही स्लीपर पिवळे रंगविण्यात आले, ते डोळ्याच्या याच दौर्बल्यावर उपाय म्हणून. पिवळे पट्टे एकामागून एक गाडीखाली लोपताना दिसले की तिचा वेग ध्यानी यावा, ही कल्पना. प्रौढांसाठी ही युक्ती करावी लागली, यातच सर्व आले.

तेव्हा ‘बघा आणि निघा’ म्हणणारे पद्य मुलावर असा निर्णय सोपविते, की जो घेण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. असे करणे हे असत्य बोलण्यासारखेच आहे. खरे बोलावयाचे तर पद्य डोळ्यावर विश्वास ठेवू नका असे सांगेल, आणि निर्णयाचा भार मुलावरून काढून घेईल:

दूर दिसे ती जवळच आहे, हळू दिसे ती धावत आहे;
रूळ गाडीचे, तिकडे नको. पूल आपुली वाट पाहे.

परंतु या चरणांनी एक नवे ऋण उत्पन्न होते. पूल वाट पाहत असल्याचे मुलाला सांगितले, तर पूल असला पाहिजे, तो आवाक्यात असला पाहिजे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे सांगणाऱ्याने स्वतः जिना चढला पाहिजे. सात-वीसची गाडी चुकेल म्हणून मुलाचे मनगट धरून रुळांत उतरणारा बाप पद्य खोटे पाडतो, आणि मुलाने पाठ केलेल्या चार चरणांपेक्षा ते एक मनगट अधिक काळ शिकवीत राहते.

फलाटावरील खेळाचेही असेच आहे. चेंडू निसटून रुळांत जातो. उंच फलाट रुळांपासून सुमारे तीन फूट वर असतो. चार फुटांच्या मुलाला खाली उडी टाकण्यास क्षणही लागत नाही, पण वर येताना हातांवर शरीर तोलून गुडघा टेकावा लागतो, आणि त्या वेळी त्याची पाठ गाडीकडे असते. मूल एवढा विचार करीत नाही. ते पाहते चेंडू, आणि पुष्कळदा चेंडूच्याही पलीकडे पाहते: नवा चेंडू, नवी चप्पल वा छत्री हरवून घरी गेल्यावर होणारी बोलणी. दूरच्या गाडीच्या भयापेक्षा हे जवळचे भय मोठे असते. ‘उतरू नको’ एवढेच सांगणाऱ्या पद्याचा येथे उपयोग नाही. मी असे लिहीन:

चेंडू गेला रुळांवर, राहू दे तो तेथे;
कोणी नाही रागावणार, हात धर तू येथे.

यावर एक आक्षेप संभवतो. ‘कोणी रागावणार नाही’ असे अगोदरच सांगितले, तर मूल वस्तूंविषयी बेफिकीर होईल. होईलही कदाचित, चार चेंडू आणि एखादी छत्री अधिक खर्ची पडेल. तो खर्च आपण करावयाचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि तो मुलाने नव्हे, आपण सोडवावयाचा आहे. तिसरा चरण काव्य म्हणून सामान्य आहे हे मला कबूल आहे. परंतु ज्या दिवशी मूल रिकाम्या हातांनी घरी येऊन चेंडू रुळांत गेल्याचे सांगेल, त्या दिवशी तो चरण खरा ठरविणे घरातल्या माणसांच्या हाती असते.