‘व्हॉट्स अप’चे उत्तर

‘व्हॉट्स अप’ हे वाक्य रचनेने प्रश्न आहे, पण किशोरवयीन मुले ते बहुतेक वेळा प्रश्न म्हणून वापरत नाहीत. दोन मित्र भेटतात, एक म्हणतो ‘व्हॉट्स अप?’, दुसराही म्हणतो ‘व्हॉट्स अप?’, आणि दोघांचे समाधान होते. तिऱ्हाइताला यात काहीच बोलले गेले नाही असे वाटते. प्रत्यक्षात ‘तू आलास हे मी पाहिले, आपले बरे आहे’ एवढा व्यवहार पूर्ण झालेला असतो. मराठीतले ‘काय म्हणतोस?’ किंवा ‘काय विशेष?’ हेच काम करतात. तिथेही ‘काही विशेष नाही’ एवढेच उत्तर अपेक्षित असते.

मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये अशा बोलण्याची दखल घेतली. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. ख्यालीखुशाली, हवापाणी अशा विषयांवरच्या बोलण्यातून माहिती पोचत नाही, तर माणसांमधला दुवा टिकतो, असे त्यांचे म्हणणे होते. मुलांच्या अभिवादनांत आशय नाही ही पालकांची तक्रार म्हणूनच गैरलागू ठरते. आशय पोचवणे हे अभिवादनाचे काम कधीच नव्हते.

‘यो’ मात्र मुळात हाक आहे. इंग्रजीत लक्ष वेधून घेण्याचा तो जुनाच उद्गार. विसाव्या शतकात तो अमेरिकेत, विशेषतः फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर, सर्रास ऐकू येत असे. पुढे हिप-हॉप संगीताने तो जगभर नेला. १९८८ मध्ये सुरू झालेल्या रॅप संगीताच्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या नावातच ‘यो’ होता. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत तो यो यो हनी सिंगच्या गाण्यांबरोबर आला. मुले तो जसाच्या तसा वापरत नाहीत. ‘यो भावा’ म्हणणाऱ्या मुलाने परकी हाक घेऊन तिला मराठी नाते जोडलेले असते.

अशा हाकेला उत्तर देताना पालकांची गफलत कुठे होते, हे संभाषणाच्या अभ्यासातून नेमके कळते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेगलॉफ यांनी फोनवरील संभाषणांच्या सुरुवातींचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. हाक आणि ओ ही जोडी असते. पहिले आले की दुसऱ्याची जागा तयार होते, आणि ती रिकामी राहिली तर ते लगेच जाणवते. हाकेला ओ मिळाल्यावरच पुढच्या विषयाला वाट मिळते. मुलाच्या शब्दाची पालकांनी केलेली थट्टा नेमकी या दुसऱ्या जागेवर येऊन बसते.

समजा, संध्याकाळी सात वाजता आई कामावरून घरी येते आणि पंधरा वर्षांचा मुलगा मोबाइलमधून मान वर काढून म्हणतो, ‘यो आई, व्हॉट्स अप?’ आई म्हणाली, ‘यो काय यो? हीच भाषा शिकलास का?’ तर बोलण्याचा विषय मुलाची भाषा हा झाला. मुलगा ‘काही नाही’ म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये जातो. त्याला वर्गातल्या भांडणाविषयी काही सांगायचे असेल, तर ते राहूनच जाते. त्याऐवजी आई म्हणाली, ‘अरे, आज गाडीला मरणाची गर्दी होती. तुझं काय?’ तर जोडी पूर्ण होते आणि बोलण्याची पाळी पुन्हा मुलाकडे जाते. तो बोलेलच असे नाही, पण वाट मोकळी राहते. आईने उलट ‘यो’ म्हणण्याची गरज नाही, तिचे रोजचे मराठी पुरेसे आहे. पालकांनी मुलांची बोली उसनी घेतली की मुलांना ती बहुधा नक्कलच वाटते. मित्रांसमोर केलेली नक्कल तर अधिकच झोंबते, कारण ज्या गटात स्वीकारले जावे म्हणून मुलाने तो शब्द उचललेला असतो, त्याच गटासमोर त्याचे हसे होते.

या अभिवादनांतून मुलाची मनःस्थिती वाचता येते, पण एकाच वेळच्या शब्दावरून नव्हे. तुलना त्याच मुलाच्या नेहमीच्या बोलण्याशी करावी लागते. रोज ‘योऽऽ’ असा लांबवून हाक मारणारा मुलगा आठवडाभर नुसती मान हलवू लागला, तर तो बदल लक्षात घेण्याजोगा असतो. तोही निदान नव्हे. परीक्षा, झोप, भांडण, काहीही कारण असू शकते, आणि ते शांतपणे विचारूनच कळते.

उद्धटपणा कुठला, हे ठरवायचे तर अभिवादन कोणाला आणि कोणत्या क्षणी केले ते पाहावे. मित्राला ‘यो’ म्हणणारा मुलगा आजोबांना वाकून नमस्कार करत असेल, तर कोणाशी कसे बोलायचे याचे भान त्याला आहे. आईला केलेले ‘यो’ बहुधा सलगीचे असते. वडिलांनी गुणपत्रिकेबद्दल विचारले असता ‘यो, चिल’ असे उत्तर आले, तर ती टाळाटाळ आहे. तिथे शब्दावर वाद घालण्यापेक्षा ‘गुणपत्रिकेचं सांग’ एवढेच म्हणून मूळ प्रश्न पुन्हा विचारणे योग्य ठरते.