पहिल्या कार्डाची किंमत

नारायणगाव, मंचर, घोडेगाव किंवा ओतूर, कुठल्याही बाजारपेठेतल्या छपाईच्या दुकानात एक बोलणं वरचेवर कानावर पडतं. "व्हिजिटिंग कार्डाला काय घेता?" "हजाराचे साडेसातशे." "मला पाचशेच पाहिजेत, पावणेचारशे करा." "पाचशेचे आठशे ऐंशी होतील, दादा." इथं गिऱ्हाइकाचा चेहरा बदलतो. निम्म्या मालाला जास्त पैसे, म्हणजे हा माणूस आपल्याला फसवतोय, असं त्याला वाटतं. दुकानदारालाही नीट उत्तर सुचत नाही. "तसंच असतं ते," म्हणून तो विषय संपवतो. दोघंही खरं बोलत असतात आणि तरी दोघांत अविश्वास उरतो. याचं कारण असं की भाव एकाच आकड्यात सांगितला जातो. त्या आकड्याच्या पोटात दोन वेगळे खर्च असतात आणि ते दोन वेगळ्या नियमांनी चालतात.

पहिला खर्च छपाई सुरू होण्याआधीचा. मजकूर घ्यायचा, डिझाइन करायचं, प्रूफ दाखवायचं, प्लेटा काढायच्या, मशीन लावायचं, रंग जुळवायचे. एक कार्ड छापा की दहा हजार, हा खर्च तेवढाच. दुसरा खर्च कागद, शाई आणि मशीन चालण्याचा. तो नगामागे वाढतो. पहिला खर्च नगांवर वाटला जातो, म्हणून नग वाढले की एका नगाचा भाव उतरतो. इथवर बहुतेकांना कळतं. पण पाचशे कार्डं हजारापेक्षा महाग कशी पडतात, हे एवढ्यानं सुटत नाही. त्यासाठी कार्ड कुठल्या वाटेनं छापलं जातं ते पाहावं लागतं. पुढचे आकडे हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत. दुकानागणिक ते बदलतील, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं बदलणार नाही.

समजा, जुन्नरजवळ घरगुती कृषी पर्यटन चालवणाऱ्या एका कुटुंबाला एका बाजूनं रंगीत छापलेलं कार्ड हवं आहे. कार्डाचं नेहमीचं माप साडेतीन इंच बाय दोन इंच. बारा बाय अठराच्या एका शीटवर अशी चोवीस कार्डं बसतात. पहिली वाट दुकानातल्या डिजिटल मशीनची. इथं प्लेट नाही, शीट थेट छापून बाहेर येतं. डिझाइनचे 200 रुपये, कटिंगचे 50 आणि दर शीटला 30 धरू. शंभर कार्डांना पाच शीट लागतात, म्हणजे 400 रुपये. पाचशेला एकवीस शीट, म्हणजे 880. हजाराला बेचाळीस शीट, म्हणजे 1,510. शंभर कार्डांत एक कार्ड चार रुपयांना पडतं, हजारात दीड रुपयाला. त्यापुढं मात्र भाव फारसा उतरत नाही, कारण शीटचे तीस रुपये प्रत्येक वेळी द्यावेच लागतात.

दुसरी वाट ऑफसेटची. चार रंगांच्या चार प्लेटा, त्यांचे 1,000 रुपये. मशीन लावणाऱ्या कारागिराचे 600. आणि चारही रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत जी शीटं वाया जातात, ती शंभर धरली तर त्यांचे 800. म्हणजे पहिलं चांगलं शीट बाहेर पडायच्या आधीच 2,400 रुपये गेले. पुढं मात्र एक कार्ड चाळीस पैशांत होतं. आता या कुटुंबाची हजार कार्डं एकटीच ऑफसेटवर घेतली तर काय होतं? बेचाळीस चांगल्या शीटांसाठी शंभर शीटं वाया घालवायची. डिझाइन आणि कटिंग धरून बिल 3,050 रुपयांवर जातं, डिजिटलच्या दुप्पट. ऑफसेट स्वस्त असतं हे वाक्य म्हणूनच अर्धं आहे. ज्याच्याकडं वाटायला पुरेसे नग आहेत, त्यालाच ते स्वस्त.

मग साडेसातशेचा भाव येतो कुठून? तो तिसऱ्या वाटेतून येतो. तालुक्याचा दुकानदार अशी कार्डं बहुधा स्वतः छापत नाही. तो डिझाइन तयार करून फाइल पुण्याच्या किंवा दुसऱ्या मोठ्या शहरातल्या छापखान्याकडं पाठवतो. तिथं एकाच शीटवर चोवीस वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची कार्डं शेजारीशेजारी मांडली जातात: टोमॅटोचा आडतदार, रोपवाटिका, दातांचा दवाखाना, मंडप डेकोरेशन. ते शीट हजार वेळा छापलं की प्रत्येकाची हजार कार्डं तयार. 2,400 रुपयांची तयारी चोवीस जणांत वाटली गेली, प्रत्येकाच्या वाट्याला 100. डिझाइनचे 200, कागद-छपाईचे 400 आणि कटिंग-वाहतुकीचे 50 मिळवले की 750 होतात.

इथं पाचशेचं कोडं सुटतं. या वाटेवर पाचशे कार्डं नावाची वस्तूच नाही. शीट हजार वेळा फिरणार आहे आणि त्यावरची चोवीस कार्डं एकाच चालीनं जाणार आहेत. एकाला पाचशे पुरतात म्हणून बाकीच्या तेवीस जणांचं मशीन मध्येच थांबवता येत नाही. पाचशेच हवी असतील तर गिऱ्हाइकाला या वाटेवरून उतरून डिजिटलकडं यावं लागतं, आणि तिथला हिशोब 880 चा आहे. म्हणजे हजाराचा भाव ही मोठ्या ऑर्डरीवर दिलेली सूट नव्हे. ती भागीदारीची किंमत आहे. माझी तयारी स्वस्त झाली ती मी जास्त माल घेतला म्हणून नाही, तर माझ्यासोबत आणखी तेवीस जण होते म्हणून.

भागीदारी म्हटली की तिच्या अटीही आल्या. वडापची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तसं हे शीटही भरेपर्यंत थांबतं, त्यामुळं "उद्याच पाहिजे" या वाटेवर जमत नाही. कागद सगळ्यांचा एकच. रंगाची अट तर फारच थोड्यांना माहीत असते. ऑफसेट मशीनवर शाई कमीजास्त करायची ती शीटच्या उभ्या पट्ट्यांत होते. आपल्या कार्डाच्या रांगेत वर कुणाचं गडद निळं कार्ड असेल आणि कारागिरानं त्यासाठी मॅजेंटा वाढवला, तर आपल्या केशरी बोधचिन्हातही तो मॅजेंटा उतरतो आणि केशरी लालसर दिसतो. त्यात कारागिराची चूक नसते. ज्याला रंग हुबेहूब हवा, त्यानं वेगळं शीट घेऊन वेगळी तयारी सोसावी. कटिंगचंही तसंच. मोठ्या गठ्ठ्यावर पातं उतरताना केसभर फरक पडतो. कार्डाच्या कडेला चौकट आखलेली असेल तर तो फरक लगेच डोळ्यांत भरतो, एका बाजूची पट्टी जाड आणि दुसरीकडची बारीक. जाणता डिझाइनर अशा कार्डाला चौकट घालतच नाही.

झेरॉक्सच्या बाबतीत गिऱ्हाईक नेमकी उलटी चूक करतं. कार्डाच्या भावाची सवय झाल्यामुळं त्याला वाटतं, पाचशे प्रती काढल्या की भाव धाडकन उतरला पाहिजे. पण झेरॉक्सला तयारीचा खर्च जवळपास नसतोच. कचेरीसमोर सातबाऱ्याची एक प्रत काढताना जे जास्त पैसे घेतले जातात, ते काच उघडून कागद ठेवण्याचे आणि सुटे पैसे शोधण्याचे. तो वेळ पंधरा-वीस प्रतींत वाटून संपतो. पुढं कागद, टोनर आणि मशीनची झीज प्रत्येक प्रतीला तेवढीच. वाटायला मागं काही उरलेलंच नसेल, तर भाव उतरणार कशातून?

जास्त प्रतींसाठी डुप्लिकेटर मशीन असतं. त्यात आधी मूळ पानाचा मास्टर निघतो आणि मग त्यावरून भराभर प्रती निघतात. मास्टरला 40 रुपये आणि प्रतीला 70 पैसे धरू. झेरॉक्सची प्रत दुकानदाराला एक रुपयाला पडते असं धरू. एका प्रतीमागं तीस पैसे वाचतात, म्हणजे मास्टरचे चाळीस रुपये साधारण 134 प्रतींनंतर वसूल होतात. आता घोडेगावच्या एखाद्या शाळेला पाचशे प्रती हव्या आहेत. एकाच सूचनापत्रकाच्या पाचशे असतील तर डुप्लिकेटरवर 390 रुपये लागतात, झेरॉक्सवर 500. पण दहा पानांची प्रश्नपत्रिका पन्नास मुलांसाठी हवी असेल, तर प्रती पाचशेच, पण मास्टर दहा. डुप्लिकेटरवर 750 लागतात आणि झेरॉक्स 500 मध्येच होते. "पाचशे प्रतींना काय घ्याल?" हा प्रश्नच त्यामुळं अपुरा आहे. मूळ पानं किती आणि एकेका पानाच्या प्रती किती, हे सांगितल्याशिवाय त्याला खरं उत्तर नाही. तयारी एकूण प्रतींवर वाटली जात नाही. ती त्या त्या मूळ पानाच्या प्रतींवरच वाटली जाते.

नगाचा भाव आणखी एका बाबतीत दिशाभूल करतो. तो छापलेल्या नगांवर काढलेला असतो, वापरलेल्या नगांवर नव्हे. चैत्रात यात्रांचा हंगाम येतो. नारायणगावच्या राहुट्यांवर जाऊन तमाशाची सुपारी देऊन आलेली यात्रा कमिटी हँडबिलं टाकायला दुकानात येते. गावाला सहाशे पुरणार असतात, पण हजाराला थोडेच जास्त पडतात म्हणून हजार घेतली जातात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या चारशेंची रद्दी होते. कार्डाचंही असंच होतं. त्या जुन्नरच्या कुटुंबानं साडेसातशेची हजार कार्डं घेतली, तीनशे वाटून झाली आणि मोबाइल नंबर बदलला, तर एक कार्ड पंचाहत्तर पैशांना नव्हे, अडीच रुपयांना पडलं. डिजिटलवर तीनशेच काढली असती तर तेरा शीटांचे आणि तयारीचे मिळून 640 झाले असते, म्हणजे कार्डाला दोन रुपये तेरा पैसे. आपल्या हिशोबात दोन्ही वाटा 384 कार्डांपाशी जवळजवळ सारख्या होतात. त्याहून कमी कार्डं खरोखर लागणार असतील, तर "हजार घ्या, स्वस्त पडेल" हा सल्ला चुकीचा आहे, आणि जाणत्या दुकानदारानं तो देऊ नये.

लग्नपत्रिकेच्या धंद्यानं यावर फार पूर्वी उपाय काढला. वेलबुट्टी, गणपती, सोनेरी ठसा असलेलं कोरं कार्ड लाखांच्या संख्येनं एकदाच छापलं जातं. वधूवरांची नावं आणि मुहूर्त तेवढा स्थानिक दुकानदार एका रंगात स्क्रीनवर टाकतो. महाग तयारी असंख्य लग्नांत वाटली जाते, स्वस्त तयारी एका लग्नानं सोसायची. न बदलणारा भाग आणि बदलणारा भाग असे दोन वेगळे केले की शंभर पत्रिकांचं लग्नही परवडतं. आमच्या भागातल्या यात्रा कमिट्या, पतसंस्था, शाळा यांना हे सहज करता येईल. देवस्थानाचं चित्र असलेला रंगीत कागद पाच वर्षांचा एकदम छापून ठेवायचा आणि दरवर्षीचा कार्यक्रम काळ्या शाईत वर टाकायचा. तारीख नसलेला कागद शिळा होत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बिल. बिलावर दोन ओळी हव्यात, तयारी इतकी आणि छपाई इतकी. सध्या डिझाइनचे दोनशे रुपये छपाईच्या भावात लपवले जातात. त्यामुळं काम करणाऱ्याचे कष्ट कुणाला दिसत नाहीत, आणि तेच कार्ड पुन्हा छापताना गिऱ्हाइकाला ते दोनशे परत भरावे लागतात. डिझाइन एकदा झालेलं आहे. दुसऱ्या खेपेला फक्त नंबर बदलायचा असेल तर त्या कामाचे वीस-तीस रुपये घ्यावेत. प्लेटा आणि मशीन लावणं मात्र पुन्हा करावंच लागतं, तो खर्च दुसऱ्यांदा मागण्यात काहीच गैर नाही. दोन ओळी वेगळ्या लिहिल्या की यातलं कुठलं मागणं रास्त आणि कुठलं नाही, हे बिलच सांगतं. गिऱ्हाइकानं तयारीचे पूर्ण पैसे मोजले असतील, तर डिझाइनच्या फाइलवर त्याचा हक्क आहे. ती मागितल्यावर मिळाली पाहिजे. आणि मोजले नसतील, घासाघीस करून ती ओळ खोडली असेल, तर फाइल दुकानाची. घासाघीस छपाईच्या ओळीवर खुशाल करावी. तयारीची ओळ मात्र एका माणसाची दोन-तीन तासांची मजुरी आहे आणि पहिल्याच कार्डाला ती पूर्ण खर्च झालेली असते.