रक्तातला आकडा आणि मेंदूतला आकडा

हंटिंग्टन रोगाच्या जनुकीय चाचणीचा अहवाल अगदी छोटा असतो. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरे सलग किती वेळा आली, एवढेच तो सांगतो. बहुतेकांमध्ये हा आकडा २७च्या खाली असतो. ३६ ते ३९ असेल तर आजार होईलच असे नाही. ४० किंवा त्याहून अधिक असेल तर, माणूस पुरेसा जगला तर, तो होतो. आई किंवा वडील बाधित असतील, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

समजा, विशीतल्या एका तरुणीचा आकडा ४२ आला. ती धडधाकट आहे. जन्मापासून पेशीपेशीत असलेली ही चूक इतकी वर्षे गप्प का बसते?

या कोड्याचे बरेचसे उत्तर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दिले. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंतल्या एकेका पेशीत सीएजी मोजले, तेव्हा दिसले की स्ट्रायटममधल्या चेतापेशींत हा आकडा आयुष्यभर वाढत राहतो. आधी काही दशके अगदी संथपणे, साधारण ८०पर्यंत, मग वेगाने. १५०च्या आसपास पोहोचेपर्यंत पेशीचे कामकाज फारसे बिघडत नाही. त्यानंतर मात्र ती ढासळते आणि मरते. प्रत्येक पेशी हा उंबरठा आपापल्या वेळी ओलांडते. म्हणजे रक्तातला ४२ हा फक्त आरंभबिंदू आहे. दोन माणसांत तो सारखा असूनही आजार वेगवेगळ्या वयात का उमटतो, याचे एक कारण डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांतल्या फरकांत आहे. एमएसएच३ हे त्यांतलेच एक.

स्ट्रायटममध्ये नको असलेल्या हालचाली दाबणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणून हातपाय आपोआप वळवळू लागतात. हाच कोरिया. बाहेर काढलेली जीभ स्थिर ठेवता येत नाही, नजर एका जागेवरून दुसरीकडे नेताना अडखळते. पण स्ट्रायटमचे धागे मेंदूच्या पुढच्या भागाशीही जोडलेले आहेत. त्यामुळे चिडचिड, नैराश्य, कामे आखण्यातला गोंधळ कित्येकदा कोरियाच्या काही वर्षे आधी येतो आणि घरच्यांना तो स्वभावदोष वाटतो. निदान मात्र आजवर प्रामुख्याने हालचालींवरूनच ठरत आले. ही मोठी उणीव आहे, कारण नोकरी आणि संसार त्याआधीच मोडलेले असू शकतात.

टेट्राबेनाझिन कोरिया कमी करते, पण नैराश्य वाढवू शकते. आजाराची वाटचाल ते रोखत नाही. म्हणूनच आता सीएजीची ही वाढच मंदावता येईल का, हे तपासले जात आहे. ते साधले, तर उपचाराची वेळ लक्षणांच्या बरीच आधी येईल आणि चाचणी करून घ्यायची की नाही, या प्रश्नाचे स्वरूपच बदलेल. आज धोक्यातल्या कुटुंबांतले बहुसंख्य लोक ती करून घेत नाहीत. हातात उपाय नसताना त्यांचा हा निर्णय पूर्णपणे समजण्याजोगा आहे.