क्रियापदाच्या आधी तोडलेलं वाक्य

मराठी कथांच्या हस्तलिखितांत एक प्रसंग वारंवार येतो. वडील वारलेत, भावाला जमीन स्वतःच्या नावावर करून घ्यायची आहे आणि माहेरी आलेल्या बहिणीची हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. पहिल्या खर्ड्यात तो साधारण असा उतरतो:

"ताई, तात्यांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करायचं आहे. त्यासाठी तुझी सही लागेल."
"पण कायद्यानं त्या जमिनीत माझाही समान हिस्सा आहे. शिवाय मुलीच्या शिक्षणासाठी मला पैशांची गरज आहे."
"तुझ्या लग्नासाठी तात्यांनी विहिरीकडचं रान विकलं होतं, हे तू विसरलीस का?"
"लग्नाचा खर्च आणि वारसाहक्क या वेगळ्या गोष्टी आहेत."

यात खोटं काहीच नाही. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 2005 मध्ये कायद्यात आणला. लग्नाच्या खर्चाचा दाखलाही घरोघरी दिला जातो. तरी ही माणसं बोलत नाहीत, पाठ केलेलं म्हणतात. प्रत्येक जण समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबतो, विचारलेल्याचं नेमकं उत्तर देतो आणि मनात आहे ते सगळं सांगून टाकतो. सगळी वाक्यं व्याकरणशुद्ध, लांबीला जवळपास सारखी आणि क्रियापदावर येऊन नीट मिटलेली आहेत.

यावरचा रूढ उपाय म्हणजे टिंबं पेरणं. "ताई, ते... म्हणजे... तात्यांच्या जमिनीचं... हक्कसोडपत्र करायचं होतं..." असं लिहिलं की संवाद नैसर्गिक झाला असा समज असतो. तो किती फसवा आहे हे तपासायला टिंबं आणि 'म्हणजे' पुसून वाक्य पुन्हा वाचावं. ते जसंच्या तसं अखंड उभं राहिलं, तर टिंबांनी काहीच केलं नव्हतं; तोच पाठ केलेला मजकूर आता अडखळत म्हटला जात होता. बोलणं तुटतं त्याला प्रत्येक वेळी कारण असतं: समोरच्यानं पुढचं ओळखलं, किंवा बोलणाऱ्याला पुढचा शब्द उच्चारायचा नाही, किंवा समोरून अपेक्षित प्रतिसाद आला नाही म्हणून त्यानं मध्येच रस्ता बदलला. पुनर्लेखनाचं खरं काम हे कारण शोधण्याचं आहे. चिन्हं नंतर येतात.

माणसं एकमेकांचं बोलणं कसं उचलतात याचा बारकाईनं अभ्यास झालेला आहे. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी 1974 मध्ये संभाषणातल्या पाळीच्या नियमांवर एक पायाभूत निबंध लिहिला. पुढे 2009 मध्ये दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांची मोजणी प्रसिद्ध झाली. त्यात एकाचं बोलणं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यातलं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. इतक्या वेळात साधा शब्दही मनात जुळवता येत नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर रचत असतो, त्याचं वाक्य कुठं जाणार याचा अंदाज बांधून. कथालेखकाला यातून एक गोष्ट हाती लागते: पात्रं ऐकलेल्याला उत्तर देतात त्याहून जास्त वेळा गृहीत धरलेल्याला उत्तर देतात.

मराठीत हा अंदाज वेगळाच धोक्याचा होतो, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही मागून. "सोमवारी तुझ्याबरोबर तालुक्याला येऊन सही मी करणार" इथपर्यंत वाक्य आलं तरी 'आहे' की 'नाही' हे ठरलेलं नसतं. भावानं इथं मध्ये तोंड घातलं, तर होकार-नकार हवेत लटकतो आणि भाऊ तो आपल्या सोयीनं धरून चालू शकतो. एकाच तोडीत त्याची घाई, त्याची भीती आणि बहिणीचं न ऐकलं जाणं, तिन्ही दिसतात. क्रियापद वाक्यात लवकर येणाऱ्या भाषेतला लेखक ही तोड अशी वापरू शकत नाही. आपल्याला ती फुकट मिळालेली आहे आणि बहुतेक खर्ड्यांत ती वायाच जाते, कारण आपण प्रत्येक वाक्य क्रियापदापर्यंत सुखरूप पोचवतो.

विरत जाणाऱ्या वाक्यांचंही तसंच. मराठी माणूस कुठल्याही शब्दावर विरत नाही, बहुधा 'तर', 'पण', 'की', 'म्हटलं' अशा जोडणाऱ्या शब्दावर थांबतो आणि उरलेलं समोरच्यावर सोपवतो. "तू सोमवारपर्यंत आहेस तर..." हे विनंतीचं पूर्ण बोलणं आहे. "हक्कसोडपत्रावर तुझी..." असं नामाला लटकलेलं वाक्य मात्र कागद फाटल्यासारखं वाटतं. आणखी एक सवय खर्ड्यात दिसत नाही: बोलताना आपण क्रियापद आधी सांगून टाकतो आणि राहिलेले तुकडे मागून आणतो. "दिलेत मी त्याला, कागद, परवाच." लिहिताना हात आपोआप "मी त्याला परवाच कागद दिलेत" असं सरळ करतो. पुनर्लेखनात असं एखादं वाक्य पुन्हा विस्कटलं तरी पात्राचा श्वास ऐकू येतो.

संभाषणाच्या अभ्यासातलं आणखी एक निरीक्षण मला कथेसाठी सगळ्यात मोलाचं वाटतं. होकार चटकन येतो. नकार उशिरा येतो, आडून येतो. विनंती केल्यावर समोर शांतता पसरली की विचारणारा त्या शांततेतला नकार ओळखतो आणि तो शब्दांत येण्याआधीच आपली विनंती स्वतः सौम्य करायला लागतो. त्यामुळे 'ती क्षणभर गप्प राहिली' असं लिहिण्याची गरज उरत नाही. विचारणाऱ्याची माघार दाखवली की तिचं गप्प राहणं ऐकू येतं.

आता तोच प्रसंग. लिहिण्याआधी कोणाला काय टाळायचं आहे हे ठरवून घेऊ. भावाला 'हक्कसोडपत्र' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बहिणीला, मंगलला, पैशांची गरज आहे हे कबूल करायचं नाही, कारण ते कबूल केलं की हक्काची उपकारात गणना होईल. वहिनी स्वयंपाकघरात आहे आणि तिला सगळं ऐकू येतंय.

"चहा घे ना. गार होईल."
"घेते."
"ते सातबाऱ्याचं म्हणत होतो मी. तलाठी म्हणाला, उशीर नको आता. तर ते एकदा..."
मंगलनं कप उचलला.
"आजच्या आज असं नाही. तू आहेस ना सोमवारी? जाऊन येऊ, दहा मिनिटांचं काम, एक सही काय नि—"
"कुठं?"
"तालुक्याला. निबंधकाकडं. गाडी आहे की माझी."
"सुलभाची पण लागेल मग."
"सुलभाचं झालं. तिनं काही विचारलंसुद्धा नाही, म्हणाली, दादा, तू म्हणशील तिथं—"
"माझा किती येतो रे?"
"किती म्हणजे... ताई, तुझ्या लग्नात तात्यांनी—"
"वन्सं, भाकरी टाकू की पोळ्या करू?"
"—विहिरीकडचं रान काढलं होतं. माहितीय तुला."
"भाकरी चालेल, वहिनी."

कागदाचं नाव एकदाही आलेलं नाही, पण तालुका, निबंधक आणि सही एवढ्यावर मराठी वाचक ते ओळखतो. 'एकदा' नंतर भाऊ विरतो. मंगल काहीच म्हणत नाही, तेव्हा 'आजच्या आज असं नाही' ही त्याची माघार येते. 'कुठं?' हा प्रश्न साधा दिसतो, पण तो 'दहा मिनिटांचं काम' मोडून काढतो. दुसऱ्या बहिणीचं, सुलभाचं, नाव मंगल काढते आणि भाऊ ते लगेच तिच्यावरच उलटवतो. तेवढ्याच ठिकाणी त्याची वाक्यं भरभर पूर्ण होतात, कारण ती त्यानं आधी घोकलेली आहेत. हिश्शाचा प्रश्न एकदाच येतो आणि त्याचं उत्तर कधीच मिळत नाही.

वहिनीचा प्रश्न मध्ये घुसतो ती जागा मुद्दाम निवडलेली आहे. दोन माणसं एकाच वेळी बोलतात हे छापील पानावर दाखवता येत नाही, कारण वाचणारा ओळीमागून ओळ वाचतो. नाटकाच्या संहितेत ते जमतं: कॅरिल चर्चिल यांनी 'टॉप गर्ल्स' (1982) मध्ये पुढचं पात्र नेमकं कुठं बोलू लागेल ते तिरप्या रेघेनं दाखवलं, कारण तिथं खरी दोन तोंडं उपलब्ध असतात. कथेत त्याऐवजी वाक्य तोडावं, दुसऱ्याचं बोलणं घालावं आणि पहिल्यानं तिथूनच पुढं चालू करावं, जणू मध्ये कोणी बोललंच नाही. भावाचं 'तात्यांनी' आणि 'विहिरीकडचं रान' जोडून वाचलं तर वाक्य सलग आहे. चिन्हांचाही भेद पाळावा. दुसऱ्यानं तोडलं तर आडवी रेघ, स्वतःहून विरलं तर टिंबं. मराठी छपाईत बहुतेकदा दोन्हींसाठी टिंबंच वापरली जातात आणि मग बोलणारा दबला की दाबला गेला हे कळत नाही.

याला मर्यादा आहे. खऱ्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवलं तर दोन पानंही वाचवत नाहीत. त्यात अर्ध्यावर सोडलेली, पुन्हा सुरू केलेली, कोणालाच नको असलेली वाक्यं असतात. शिवाय सगळीच पात्रं तुटक बोलू लागली तर ती सगळी पुन्हा एकसारखी होतात. वर वहिनी पूर्ण वाक्यात बोलते आणि तिचं ते नीट बोलणंच सगळ्यात मोठा अडथळा ठरतं. खर्डा तपासताना पात्रांची नावं झाकून नुसत्या ओळी वाचाव्यात. कोणती ओळ कोणाची हे वाक्याच्या मोडणीवरून कळलं नाही, तर त्यांचं वेगळेपण अजून वरवरचं आहे. दुसरी तपासणी दोघांनी मोठ्यानं वाचण्याची. आडव्या रेघेपाशी दुसऱ्या वाचणाऱ्याला मुद्दाम थांबून मग तोडावं लागत असेल, तर रेघ एक-दोन शब्द उशिरा पडली आहे. पुढचं कळून चुकल्याची जागा आधीच येऊन गेली होती.

या पुनर्लेखनात एक गोष्ट मात्र हरवली. मुलीच्या शिक्षणाचा खर्च आता कुठंच नाही. पहिल्या खर्ड्यात मंगल तो तोंडानं सांगत होती; नव्या प्रसंगात ती तो सांगणार नाही, त्यावरच तर सगळं उभं आहे. वाचकाला ते ठाऊक नसेल तर 'माझा किती येतो रे?' हा प्रश्न नुसता हावरा वाटेल. मग लेखकाला मागं जावं लागतं. मंगल माहेरी निघण्याआधी, एस.टी.त बसताना, पर्समध्ये घडी केलेली कॉलेजच्या फीची पावती, तिच्यावरची पुढच्या हप्त्याची तारीख, एवढं दोन ओळींत आधीच्या पानावर ठेवावं लागतं. भावाच्या कपाटातले कागदही तसेच, सुलभाच्या सहीसकट. संवादातून काढलेली माहिती कथेत दुसरीकडं जागा मागते, आणि ती जागा करताना बहुतेकदा प्रसंगाच्या आधीची पानं पुन्हा लिहावी लागतात.