चिठ्ठी कुणाची?

रेवदंड्याच्या त्या घरात औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या तारेला टोचून ठेवलेल्या. खाऱ्या वाऱ्याने तार गंजली, तेव्हा सून म्हणाली, "काका, तुम्ही कंपाउंडर होतात, जरा लावून द्या ना." मी सालवार गठ्ठे करत बसलो. डॉक्टरांचं अक्षर घरात कुणाला लागत नव्हतं.

1968 च्या गठ्ठ्यात वहिनींचं नाव निघालं. स्ट्रेप्टोमायसिन, रोज 1 ग्रॅम. क्षयाचं इंजेक्शन, मीच टोचलेलं. दीड महिन्यानंतरच्या चिठ्ठीवर 'कानात आवाज, चक्कर'. पुढच्या चिठ्ठीवर 'ऐकू कमी'. या औषधाने कान गेला की परत येत नाही.

घरात मात्र समज, की बहिरेपण रक्तातलं. त्यावरून नातीचं लग्न अडलेलं.

सांगावं, तर वहिनींनी 50 वर्षं झाकलेला क्षय उघडा पडतो. गप्प बसावं, तर पोरीवर अन्याय. चिठ्ठी घराची, पण दुखणं वहिनींचं. म्हणून चिठ्ठीच्या मागे मराठीत चार ओळी लिहून आधी त्यांच्याच हातात दिली. "हे मी टोचलं," हेही लिहिलं.

वहिनींनी सावकाश वाचलं. मग नातीला हाक मारली.