चाळीतली सड

हॅकेथॉनच्या सगळ्याच टीम सारख्या जमत नाहीत. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला सहा जणांची टीम कॉलेजातूनच ठरून येते. नासाच्या स्पेस अ‍ॅप्ससारख्या, २०१२ पासून जगभरच्या शहरांत भरणाऱ्या स्पर्धेत मात्र बरेच जण एकेकटे येतात आणि तिथल्या तिथे टीम जमवतात. अशी टीम एकदा टेबलाशी बसली, की लगेच फॉर्म भरायचा असतो आणि त्यात टीमचं नाव लागतं. घाईघाईत कुणीतरी ‘कोड वॉरियर्स’ लिहून टाकतं. माझं म्हणणं आहे, तिथे दहा मिनिटं थांबावं आणि निवडलेला प्रश्नच नावात आणावा. समोरच्या अनोळखी माणसांना तो प्रश्न आपल्यासारखाच कळला आहे का, हे त्या दहा मिनिटांत उघड होतं.

एक उदाहरण घेऊ. विषय आहे कांद्याच्या साठवणुकीतलं नुकसान. टेबलाशी चौघं आहेत: निफाडकडचा शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईची डिझायनर, सर्किट जुळवणारा एक जण आणि डेटावर काम करणारी एक मुलगी. पहिलं नाव सुचतं ‘कांदा’. कुणाचीच हरकत नसते, आणि तिथेच सावध व्हायला हवं. डेटावाल्या मुलीच्या मनात बाजारभावाचा अंदाज आहे, सर्किटवाल्याच्या मनात चाळीतलं तापमान, तर डिझायनरला चाळ म्हटल्यावर गिरगाव आठवतंय. ‘कांदा’ या नावाखाली चौघंही सुखानं चार वेगळी कामं करत बसतील आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या लक्षात येईल, की यातलं काहीच एकमेकांना जोडता येत नाही.

म्हणून निफाडच्या मुलाला विचारायचं, “तुमच्याकडे नेमकं काय होतं?” तो सांगतो, उन्हाळ कांदा एप्रिलच्या सुमारास काढायचा, वाळवून चाळीत भरायचा आणि भाव बघत दिवाळीपर्यंत ठेवायचा. तेवढ्यात तो तीन तऱ्हांनी जातो. उन्हाळ्यात पाणी उडून वजन घटतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की सड लागते. पुढे गारवा आला की कोंब फुटतात. तिन्हींची कारणं वेगळी, वेळ वेगळी आणि उपायही वेगळे. आता नाव ठरवायचं म्हणजे या तिन्हींतलं एक उचलायचं आणि दोन सोडायची. सोडताना वाद होतो, तो होऊ द्यावा; काम सुरू होण्याआधी तो होणं केव्हाही स्वस्त पडतं.

तो मुलगा पुढे म्हणतो, “वजन घटतं ते आम्ही धरूनच चालतो. सडीचं तसं नाही. वास येईपर्यंत आतला कांदा गेलेला असतो, आणि त्याच्या शेजारचेही.” इथे नाव सापडतं: सड. पण रोमन अक्षरांत ते `Sad` होतं, आणि पडद्यावर वाचणारा परीक्षक त्याला इंग्रजी शब्द समजणार. म्हणून ‘चाळीतली सड’, फॉर्मवर `Chalitli Sad`. नाव असं लिहून आणि मोठ्यानं म्हणून बघायलाच हवं, कारण निवेदक ते मंचावरून पुकारणार असतो.

उपायाचं नाव मात्र टीमला देऊ नये. समजा या चौघांनी ‘कांदा सेन्सर’ असं नाव घेतलं असतं. सडीचा वायू ओळखायला सर्किटवाला एमक्यू-१३५ हा स्वस्त सेन्सर काढतो. पण तो आधी चोवीस तासांहून जास्त तापत ठेवावा लागतो, आणि हवेतल्या दमटपणानंही त्याचा आकडा हलतो. म्हणजे ज्या पावसाळी हवेत सड लागते, त्याच हवेत त्याच्यावर भरवसा ठेवणं अवघड. ‘कांदा सेन्सर’वाल्यांना हे रात्री कळलं, तर नावासाठी तरी ते सेन्सरला चिकटून बसतील. ‘चाळीतली सड’वाले तो बाजूला ठेवू शकतात. चाळीतल्या तापमानाच्या आणि दमटपणाच्या नोंदींवरून, कुठल्या कप्प्याला धोका वाढतोय आणि कुठला आधी उपसून निवडावा, एवढंच ते सांगू लागतात. रस्ता बदलला तरी फॉर्मवरचं नाव खरंच राहतं.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. टेबलाशी प्रश्न जवळून पाहिलेलं कुणीच नसेल, तर नेमकं वाटणारं नावही अंदाजानंच ठरतं. अशा वेळी फॉर्म भरण्याआधी एखाद्या कांदा उत्पादकाला फोन लावावा. तोही जमला नाही, तर आयोजकांना विचारून नाव दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बदलायची सोय ठेवून घ्यावी.

सादरीकरणात परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुधा असा येईल, “आणि कोंबांचं काय?” चौघांपैकी कुणीही उत्तर देऊ शकेल: ते आम्ही घेतलं नाही, त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते कारण हे.